दोन अर्धी तिकिटं

एकोणसत्तराव्या वर्षी अविवाहित पुरुषाला एखाद्या बाईचा रोज फोन येऊ लागला, की मेंदूचा जो कोपरा आजवर वीजबिलाच्या तारखा लक्षात ठेवत होता, तो एकाएकी कवितेच्या नादाला लागतो. वहिनींचे फोन सुरू झाले तेव्हा माझं असंच झालं. वहिनी म्हणजे माझ्या रेल्वेतल्या मित्राच्या पत्नी. मित्र गेला, मुलगा बंगळुरूला, आणि डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या बी विंगेत वहिनी एकट्या. मी ए विंगेत, जन्मापासूनच एकटा.

"भाऊजी, सावित्रीबाई फुलेला रविवारी चांगलं नाटक आहे. येताय?" "भाऊजी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, थेंब घातल्यावर मला काही दिसत नाही." "भाऊजी, फडके रोडला निघालेय, तुम्हाला काही आणायचंय?" हे सगळं ऐकून सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्याने एकमताने निकाल दिला की बाई माझ्यात गुंतली आहे. मी ताबडतोब इन्कार केला. इन्कार अशा बेताने केला की कोणाचाही त्यावर विश्वास बसू नये. मग घरी येऊन आरशासमोर बाजूने उभा राहिलो, पोट आत घेतलं, आणि ते किती वेळ आत राहतं ते घड्याळावर पाहिलं.

पण मी हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेला माणूस. नुसत्या कट्ट्याच्या सांगण्यावर खतावणी बंद करणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, पुरावे तपासू. आणि पहिला पुरावा माझ्या ओट्यावरच होता. डबा.

डब्यांविषयी मला फार बोलायचं आहे, ते आत्ताच बोलून घेतो. एकट्या पुरुषाकडे शेजारून येणाऱ्या डब्यांचे दोन प्रकार. श्रीखंडाच्या किंवा आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यातून जे येतं, ती दया. तो डबा परत नाही आला तरी चालतं, किंबहुना परत येऊ नये अशीच इच्छा असते, कारण देणारीच्या कपाटात त्याचे आणखी बावीस भाऊ आहेत. स्टीलचा डबा ही वेगळी गोष्ट. स्टीलचा डबा परत न्यावाच लागतो, आणि आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणजे स्टीलचा डबा पाठवणारी व्यक्ती तुम्हाला तुमच्याच पायांनी आपल्या दारात बोलावत असते, आणि हातात काहीतरी घेऊन या असंही सांगत असते. आता एकटा पुरुष डब्यात काय घालणार? मी सुरुवातीला साखर घालत असे. मग वाटलं, साखर म्हणजे काहीतरी गोड बोलल्यासारखं होतंय. म्हणून शेंगदाणे घातले. शेंगदाणे फारच तटस्थ वाटले. मग दुकानातले रव्याचे लाडू. ते वहिनींनी चाखले आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आपले शेंगदाणेच देत जा."

वहिनींचा डबा स्टीलचाच होता. आळूवड्या, कधी फतफतं, कधी भरली वांगी. मी आनंदात होतो. मग एकदा मंडईत त्या भाजीवाल्याशी हुज्जत घालताना दिसल्या. त्यांना आळूची अर्धी जुडी हवी होती आणि तो देत नव्हता. आळूची अर्धी जुडी कोणीच देत नाही. एका माणसापुरती आमटी करायला गेलं तर फोडणी जळते. पाव किलो वांगी आणली तर तीच भाजी दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत ताटात येत राहते. एकट्या बाईच्या स्वयंपाकघरात रोज एक माणूस उरतो, आणि उरलेल्या माणसाचं जेवण कुठेतरी पाठवावं लागतं. माझ्या डब्यात जी जात होती ती बहुधा उरलेली अर्धी जुडी होती. तरीही एक गोष्ट मी दृष्टीआड करू शकलो नाही. त्या डब्याच्या झाकणावर बारीक ठिपक्याठिपक्यांत माझ्या मित्राचं नाव कोरलेलं होतं. घासताना दर वेळी माझा अंगठा त्याच्या आडनावावरून फिरायचा. असल्या डब्यातून प्रेमपत्र येत असेल, तर पाठवणारी बाई फार धीट म्हटली पाहिजे.

डबा पुरे. दुसरा पुरावा फोनच्या वेळेचा. फोन यायचा संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान. कट्ट्याच्या मते ही कातरवेळ, भावना दाटून येण्याची. मला मात्र एवढंच आठवलं, की मित्र सीएसएमटीहून सुटणाऱ्या कल्याण लोकलने येऊन याच सुमारास जिना चढायचा. तीस-पस्तीस वर्षं त्या घरात या वेळी बेल वाजली, चहा टाकला गेला, चपला कोपऱ्यात सरकल्या. माणूस गेला तरी ती वेळ रोज येतेच, आणि तिला काहीतरी करायला द्यावं लागतं. जोडीदार गेलेल्या माणसांना दुपार सोसते, रात्र झोपेत जाते. ही मधली वेळ मात्र अंगावर येते. तेव्हा फोन मला येत होता की त्या वेळेला, हे ठरवणं कठीण होतं. मी तो मलाच येतो असं धरून चाललो होतो, कारण माझा नंबर मला ठाऊक होता.

याच सुमारास माझ्या भाचीने, जी समाजशास्त्र शिकवते आणि मामाकडे नमुना म्हणून पाहते, मला केट डेव्हिडसन या ब्रिटिश संशोधिकेच्या कामाविषयी सांगितलं. या बाईंनी पासष्टीपुढच्या विधवा आणि विधुरांशी सविस्तर बोलून पुन्हा जोडीदार हवा का, याचा शोध घेतला. निष्कर्ष साधारण असा, की पुरुषांना घरी परतल्यावर दार उघडायला कोणीतरी हवं असतं, आणि बायकांना बाहेर पडताना सोबतीला कोणीतरी. आयुष्यभर दुसऱ्याचं खाणंपिणं, औषधं, मोजे सांभाळल्यावर मिळालेला मोकळेपणा पुष्कळ बायकांना पुन्हा गहाण टाकायचा नसतो.

मी वहिनींची सगळी आमंत्रणं आठवून पाहिली. नाटक, डॉक्टर, मंडई, बँक. एकूण एक दाराबाहेरची. आणि माझी स्वप्नं? त्यांत एक टेबल होतं, दोन ताटं होती, आणि वाढणारा हात माझा नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा मला माझ्या स्वप्नांचा थोडा राग आला. प्रेम म्हणून मी जे रंगवत होतो, त्याचा बराचसा भाग स्वयंपाकाच्या बाईंच्या जाहिरातीत बसला असता.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. वहिनींना मित्राच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्के, अधिक महागाई. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग असे. २०१४ मध्ये जीवन प्रमाण आलं, आणि आता चेहरा दाखवूनही घरबसल्या दाखला निघतो. वहिनींनी मला बोलावलं, या वेळी चक्क घरात. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

त्या ॲपची रीत अशी, की आधी दाखला काढून देणाऱ्याने, म्हणजे ऑपरेटरने, स्वतःचा आधार क्रमांक आणि चेहरा द्यायचा, मग पेन्शनरने. हे काम पेन्शनरला स्वतःलाही करता येतं, पण वहिनी म्हणाल्या, "तुम्ही व्हा ऑपरेटर." मी झालो. फोनने मला डोळे मिचकवायला सांगितलं. मी मिचकवले. वहिनींच्या समोर, त्यांच्याच दिवाणखान्यात, मित्राच्या हार घातलेल्या फोटोखाली. मग वहिनींची पाळी. त्यांनीही मिचकवले. कट्ट्याने हे पाहिलं असतं, तर पुढचा हिवाळा त्यांना विषय शोधावा लागला नसता.

मधेच पडद्यावर प्रश्न आला: पुनर्विवाह झाला आहे का? हो किंवा नाही. माझं बोट थबकलं. वहिनी चष्मा वर करत म्हणाल्या, "थांबलात का? नाही दाबा. हो दाबलं की पेन्शन बंद. मुलं असलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं, की तिचं थांबतं. यांनी मला समजावून ठेवलं होतं सगळं, जाण्याआधी." मी नाही दाबलं. आणि मग त्या अगदी सहज म्हणाल्या, "भाऊजी, मला माहीत आहे लोक काय बोलतात. मुलाचाही फोन आला होता. आडून आडून विचारत होता, फ्लॅटच्या कागदांचं काय, मृत्युपत्र केलंयस का. त्याला वाटतं, आईने लग्न केलं आणि इच्छापत्र नसलं, तर मुलाबरोबर नवीन नवऱ्यालाही वाटा जातो. बरोबरच आहे त्याचं, कायदा तसाच आहे. पण मी नाटक बघायला गेले की त्याला फ्लॅट दिसतो, याचं वाईट वाटतं."

मी काही बोललो नाही. राग मात्र आला, आणि तो मुलाचा कमी, आमचा सगळ्यांचा जास्त होता. माझ्याकडे रोज संध्याकाळी कोणी पुरुष मित्र बुद्धिबळाला आला असता, तर कट्ट्याने त्याला मैत्री म्हटलं असतं. बाईने सोबत मागितली की लगेच तिच्या मनाची झडती. आणि या झडतीत कोणी तिची किंमत मोजत नाही. पेन्शन, मुलाचा विश्वास, रात्री हवं तेव्हा खिचडी खाऊन झोपण्याचा हक्क. एवढं सगळं पणाला लावून बाई तुमच्यावर भाळेल असं वाटायला आपण कोण लागून गेलो, याचाही कोणी विचार करत नाही. मी तर कधीच केला नव्हता.

अर्थात, पुराव्यांचा सगळा कल एकाच बाजूला आहे असंही नाही. मी ज्येष्ठ नागरिक संघाबरोबर न सांगता एका नाटकाला गेलो, तर त्यानंतर आठवडाभर फोन नाही, डबा नाही. माझी रक्तातली साखर किती, हे माझ्या भावाला ठाऊक नसतं, वहिनींना दशांशासकट ठाऊक असतं. तेव्हा मी थेटच विचारलं. म्हणजे माझ्या परीने थेट. "वहिनी, आपलं हे नक्की काय आहे?"

त्यांनी विचार केला. "पुढच्या आठवड्यात लेण्याद्रीला जायचंय. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, मला आधाराला माणूस हवं. तुमचे गुडघे किती पायऱ्या चढतात?"

"निम्म्या."

"मग निम्म्यावर बसून घेऊ. उत्तर तिथे देते."

आम्ही कल्याणहून जुन्नरच्या एसटीत बसलो. मी पासष्टीपुढचा म्हणून अर्धं तिकीट, त्या महिला म्हणून अर्धं. दोघांचं मिळून एक. मी हे काव्य त्यांच्या लक्षात आणून देणार, तेवढ्यात कंडक्टरने विचारलं, "दोघं एकत्र का?"

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पर्स उघडली, आपले पैसे मोजून पुढे केले आणि म्हणाल्या, "तिकिटं वेगळी द्या. सीट एकच चालेल."

माळशेज येईपर्यंत मी या वाक्याचा अर्थ लावत होतो. वहिनी केव्हाच झोपल्या होत्या, खिडकीकडे मान टाकून. माझ्याकडे नव्हे, हे कट्ट्यासाठी नमूद करतो.