‘तसेच’ला हाकला

इतिहासाच्या निबंधातला सगळ्यात लबाड शब्द म्हणजे ‘तसेच’. ‘याशिवाय’ हे त्याचंच भावंड. दोन परिच्छेदांचा एकमेकांशी संबंध काय, हे लिहिणाऱ्यानं ठरवलेलं नसलं की हे दोघं हमखास मदतीला धावतात.

१८७५च्या दख्खनच्या दंग्यांवरचा नेहमीचा निबंध घ्या. पहिल्या परिच्छेदात अमेरिकेतलं यादवी युद्ध, कापसाची तेजी आणि १८६५नंतर कोसळलेले भाव. दुसरा सुरू होतो, ‘तसेच सरकारने शेतसारा वाढवला.’ तिसरा, ‘याशिवाय सावकार पिळवणूक करत होते.’ मग एकदम १२ मे आणि सुप्यातला दंगा. आता दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल करून वाचा. काहीच अडत नाही. म्हणजे ही कारणांची यादी झाली, युक्तिवाद नव्हे.

दुरुस्ती परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात करायची. आधीच्या परिच्छेदातून हाती काय आलं ते नाव घेऊन उचलायचं आणि त्यानं पुढचं कसं घडवलं ते सांगायचं. ‘तसेच’ खोडा आणि लिहा: ‘भाव असे उतरत असतानाच तीस वर्षांच्या जुन्या आकारणीची मुदत संपली आणि १८६७पासून फेरआकारणीत सारा वाढत गेला.’ पुढचा परिच्छेद: ‘कमी भावात जास्त सारा रोखीनं भरायचा तर कर्ज हवं, पण तेजीत सढळ हातानं देणारा सावकार आता हात आखडू लागला होता.’ आता अदलाबदल करून दाखवा!

सावकाराकडून सुप्याला जाताना मात्र एका वाक्यानं भागत नाही. जमावानं सावकारांकडे वह्या आणि कर्जखतं का मागितली, का जाळली? इथे अख्खा परिच्छेदच गायब असतो. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखताला तीन वर्षांचीच मुदत ठेवली. हेतू कुळाला वाचवण्याचा. सावकारानं दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलं. हे सांगितलंत की पुढचं वाक्य आपसूक येतं: ‘कर्ज कागदावर फुगलं होतं, म्हणून लोकांनी कागदच पेटवले.’ दुवा जुळत नसेल, तर भाषा घासत बसू नका. मधली माहिती शोधा.

आणि ‘म्हणून’ लिहिताना पुरावा द्या. ज्या गावात कापूस फारसा पिकतच नव्हता, तिथे कापसाच्या मंदीचा दुवा तुम्हाला वेगळा सिद्ध करावा लागेल. जमत नसेल तर तिथे ‘त्याच सुमारास’ एवढंच लिहा. दंग्यांनंतरच्या चौकशी आयोगानं साऱ्यापेक्षा सावकारावर जास्त बोट ठेवलं, आणि १८७९च्या कायद्याचा रोखही सावकारी व्यवहारांवर राहिला. तुमची साखळी साऱ्यातून जात असेल, तर तुम्ही आयोगाशी भांडताय. ते भांडण परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात उघड मांडा.