फुगलेला असेल तेव्हा या

ज्यात दुखत नाही, ताप येत नाही, भूक मरत नाही आणि ऑफिसला दांडी मारायचीही सोय नाही, असा एक आजार मला झालेला आहे. माझ्या खालच्या ओठाच्या आतल्या अंगाला, मधल्या रेषेच्या जरा डावीकडे, एक निळसर, मऊ, आतलं पाणी दिसावं असा फुगवटा आहे. ऐन भरात असताना तो आठेक मिलिमीटरचा होतो. बोलताना तो दातांना लागतो, हसताना समोरच्याला दिसतो आणि एकटा असलो की जीभ दिवसभर त्याच्यावरून फिरत राहते. डॉक्टर त्याला म्यूकोसील म्हणतात. आमच्या सोसायटीत त्याला ‘ते काय झालंय तुमच्या ओठाला’ असं म्हणतात.

त्याचं मूळ मुलुंड ते अंधेरी या प्रवासात आहे. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथे पूल चढून मेट्रो. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली तेव्हा आता धक्के संपले अशी आमची समजूत होती. धक्के संपले नाहीत, वातानुकूलित झाले. त्या पुलावर एकाचं कोपर माझ्या हनुवटीला खालून लागलं, वरचा सुळा खालच्या ओठात रुतला, थोडं रक्त आलं, दोन दिवसांत विसरलो. कोपरवाल्याने ‘सॉरी बॉस’ म्हटलं होतं, म्हणजे प्रकरण रीतसर मिटलं होतं.

ओठाने मात्र ते मिटवलं नाही. ओठाच्या आतल्या त्वचेखाली एक-दोन मिलिमीटरच्या बारीक लाळग्रंथी असतात. गाल, ओठ, टाळू मिळून अशा शेकडो ग्रंथी तोंडात पसरलेल्या आहेत आणि प्रत्येकीची केसासारखी नळी आतल्या बाजूला उघडते. यांची लाळ पातळ नसते, चिकट असते. दाताने त्यातली एखादी नळी तुटली की ग्रंथीला ते कळत नाही. ती आपली लाळ तयार करत राहते आणि ती लाळ तोंडात यायच्या ऐवजी आजूबाजूच्या मांसात झिरपते. शरीर त्या परक्या डबक्याभोवती नाजूक भिंत घालतं आणि फुगवटा तयार होतो. नळी तुंबली म्हणून हे होतं असं लोक सांगतात. तसंही होतं, पण ते बहुधा उतारवयात. ओठावरच्या बहुतेक फुगवट्यांत नळी तुंबलेली नसते, फुटलेली असते.

इमारतीत राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. वरच्या मजल्यावरचा भिंतीतला पाइप फुटलेला असतो आणि खालचा रहिवासी दर पावसाळ्याआधी छताचा पोपडा काढून रंग मारत बसतो. आमच्या सोसायटीने असा रंग अनेकदा मारला आहे, त्यामुळे फुगवटा नुसता फोडून काही उपयोग का होत नाही, हे मला डॉक्टरांच्या आधी सेक्रेटरींनी शिकवलेलं होतं.

तरी सल्ले देणाऱ्यांचा रंगावरच विश्वास. शेजारच्या काकूंच्या मते ती उष्णता होती, सब्जा घ्यायचा. ऑफिसातल्या एकाने तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, दुसऱ्याने सुई तापवून टोचायची सांगितली आणि स्वतःच टोचून द्यायची तयारीही दाखवली. त्यातून पाणी निघतं, फुगवटा बसतो, आठवड्याभरात परत येतो. आणि घरच्या सुईने जंतू आत जातात ते वेगळंच. पण सर्वांत जास्त जाच झाला तो शंकेखोरांचा. ओठाला काही झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: तंबाखू खाता का? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, एवढाच फरक. मी सुपारीसुद्धा खात नाही. म्यूकोसीलचा तंबाखूशी काही संबंध नाही आणि त्याचा कॅन्सरही होत नाही. हे मी सांगतो तेव्हा लोक ‘हो हो’ म्हणतात आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघतात.

मग रीतसर डॉक्टरांकडे गेलो. इथे या आजाराचा खरा स्वभाव कळतो. महिनाभर तो दिमाखात मिरवत होता. अपॉइंटमेंटच्या दिवशी सकाळी चहाबरोबर खाकरा खाल्ला, एक कड लागली आणि तो फुटला. तोंडात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं काहीतरी चिकट आलं, जिभेने चाचपलं तर ओठ गुळगुळीत. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, दिवा रोखला, ओठ उलटवला, बोटांनी चाचपला आणि म्हणाले, ‘कुठे आहे?’ मी जिथे होता ती जागा दाखवली. त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने सहसा परीक्षेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या मुलांकडे पाहतात. कागदावर लिहून दिलं: फुगलेला असेल तेव्हा या.

तो भरायला लागला की तारीख घ्यायची, तारीख येईपर्यंत तो फुटायचा. दोष डॉक्टरांचा नाही. फुटणं आणि पुन्हा भरणं हीच याची ओळख आहे. नव्याने झालेला एखादा आपोआप बसतोही, म्हणून काही आठवडे वाट बघायला सांगतात. सारखं फुटून-भरून वरची कातडी मात्र जाड आणि पांढुरकी होत जाते, मग निळसरपणा जातो आणि चाचपताना तो घट्ट लागतो. तेव्हा बघणाऱ्याला तो दुसरंच काही वाटू शकतो.

अखेर एकदा तो डॉक्टरांच्या दाराशी फुगलेल्या स्थितीत पोहोचला. त्यांनी काचेच्या पट्टीने दाबून पाहिलं. रक्तवाहिन्यांचा गोळा असता तर दाबल्यावर रंग उडाला असता. माझा तसाच निळसर राहिला. मग म्हणाले, ‘खालच्या ओठावर आहे, बरं आहे. वरच्या ओठावर असता तर मी इतक्या निवांत बसलो नसतो.’ वरच्या ओठावर म्यूकोसील फार क्वचित होतो. तिथल्या गाठीत लाळग्रंथीच्या खऱ्या ट्यूमरची शंका आधी घ्यावी लागते. टाळूवर किंवा अक्कलदाढेच्या मागे निळसर फुगवटा आला तरी तसंच. माझ्या कोपरवाल्याने निदान जागा योग्य निवडली होती.

आता बोरिवलीच्या भाच्याची गोष्ट सांगायला हवी, कारण माझी खरी तक्रार त्याच्यामुळे आहे. त्यालाही हेच झालं, पण जिभेखाली. जिभेच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक मोठी लाळग्रंथी असते, सब्लिंग्वल. ती ओठातल्या ग्रंथींपेक्षा कितीतरी मोठी आणि तिची लाळ जेवण असो-नसो पाझरतच असते. तिथे गळती झाली की तोंडाच्या तळाला एका बाजूला मोठा निळसर फुगा येतो, त्याला रॅन्यूला म्हणतात. भाच्याची जीभ उचलली गेली, बोलणं जड झालं. कुणीतरी तो फोडून दिला, पंधरवड्यात परत भरला. मग त्याचं छत कापून कडा शिवून टाकल्या, म्हणजे आतली लाळ तोंडात वाहत राहावी. कडा जुळून आल्या आणि तो पुन्हा भरला. नुसतं उघडून ठेवलेला रॅन्यूला बरेचदा असाच परत येतो.

नंतर तर तो तोंडातून नाहीसाच झाला आणि जबड्याखाली मानेत मऊ गाठ आली. तोंडाचा तळ ज्या स्नायूने बनतो, त्यात काही लोकांना फट असते. लाळ त्या फटीतून खाली उतरते. मुंबईत मानेत गाठ म्हटली की घरचे आधी टीबीचं नाव घेतात, आणि ते चूकही नाही. सोनोग्राफी झाली, सुईने पाणी काढलं, ते घट्ट आणि चिकट निघालं, त्यात लाळेतलं अमायलेज भरपूर सापडलं. मग सर्जनने सांगितलं की गाठ मानेत असली तरी मान कापायची नाही. तोंडातून जाऊन ती सब्लिंग्वल ग्रंथीच काढायची, मानेतलं पाणी आटून जाईल. काम नाजूक, कारण जिभेला संवेदना देणारी नस आणि जबड्याखालच्या मोठ्या ग्रंथीची नळी ही दोन्ही तिथूनच जातात. पूर्ण भूल, एक रात्र हॉस्पिटलात. मान आठवड्या-दोन आठवड्यांत सपाट झाली आणि तशीच राहिली.

त्याला भेटायला आम्ही दादरला गाडी बदलून सहकुटुंब गेलो. नातेवाइकांनी शहाळी आणली होती. ताईने डोळे पुसले. मीही त्याच घराण्यातला आजार घेऊन त्याच खोलीत उभा होतो. माझ्या ओठाकडे बघून ताई म्हणाली, ‘तुझं ते अजून आहे का?’

माझं ऑपरेशन दवाखान्याच्या खुर्चीतच झालं. लिग्नोकेनची सुई फुगवट्यात न देता त्याच्या भोवती दिली, कारण आत दिली तर तो ताणून फुटतो आणि मग त्याची कड सापडत नाही. सहायक बाईंनी ओठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून उलटवला, त्याने रक्तही कमी येतं. डॉक्टरांनी छेद घेऊन फुगवटा सोडवायला घेतला, आणि शेवटच्या क्षणी तो सवयीप्रमाणे फुटलाच. डॉक्टरांनी काही म्हटलं नाही, पण त्यांच्या भुवया मला दिसल्या. पोकळीच्या कडेला बारीक पिवळसर दाणे दिसतात, त्या ग्रंथी. गळणारी नेमकी कोणती ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून जखमेत डोकावणारे सगळेच दाणे काढतात. एखादा राहिला, किंवा टाका घालताना शेजारची नळी सुईखाली आली, की नव्याने सुरुवात. चार टाके, अर्धा तास. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला.

बाहेर पडताना सूचना मिळाली: ओठ दोन-तीन तास बधिर राहील, तोवर काही खाऊ नका, नाहीतर न कळत ओठ चावला जाईल. म्हणजे ज्या कारणाने हा आजार होतो, ते कारण घडायची सर्वांत चांगली वेळ त्याच्या उपचारानंतर येते. मी पेढ्याचा पुडा समोर ठेवून दुपार काढली.

रिपोर्ट आठवड्याने आला. आत साचलेला श्लेष्मा, भोवती दाहाची ऊती, पेशींचं अस्तर नाही. घातक काही नाही. विम्याच्या कंपनीचं उत्तर त्याच सुमारास आलं: चोवीस तास दाखल नसल्याने दावा मंजूर करता येत नाही. भाच्याचा कॅशलेस झाला होता.

हे काकूंना जिन्यात सांगितलं. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली, माझा टाके घातलेला ओठ जवळून पाहिला आणि म्हणाल्या, ‘अहो, मग एक रात्र राहायचं ना तिथेच.’