निरुपद्रवी इतिवृत्त कसे लिहावे

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची आढावा बैठक झाली की इतिवृत्त लिहिणे आलेच, कारण प्रोजेक्ट डायरीत गाइडची सही लागते. ते नेमके असावे असे सगळेच सांगतात. नेमकेपणाने गटाचे काय होते ते कुणी सांगत नाही. काय ठरले, का ठरले आणि कुणी केले नाही, हे नेमके इतिवृत्त वाचून महिन्याभराने कुणालाही कळू शकते. एकाच कट्ट्यावर चहा पिणाऱ्या चौघांना हा धोका परवडणारा नाही. म्हणून इतिवृत्त आधी निरुपद्रवी हवे.

कोल्हापुरातल्या एखाद्या गटाने पंचगंगेची पातळी मोजून मोबाइलवर इशारा देणारे यंत्र करायला घेतले आहे, असे धरू. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात इथे शाळकरी पोरेही सांगतात. गटाने एचसी-एसआर०४ हा स्वस्त अल्ट्रासोनिक सेन्सर आणला. तो फार तर ४ मीटर, म्हणजे साधारण १३ फूट अंतर मोजतो. २०१९च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, तेव्हा सेन्सर बुडू नये म्हणून ५८ फुटांवर बसवायचा ठरला. बैठकीत कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर ५८ मधून १३ वजा केले आणि खोली शांत झाली. पाणी ४५ फुटांवर येईपर्यंत सेन्सरला नदी दिसणारच नाही. धोक्याची पातळी ओलांडून २ फूट झाल्यावर यंत्र जागे होणार. खाली ५० फुटांवर बसवला तर ३७ फुटांपासून दिसेल, पण २०१९सारखे पाणी आले की सेन्सरच पाण्याखाली. पाण्यावर वाहत येणाऱ्या जलपर्णीला तो पाणीच समजणार, ते वेगळे.

अविचारी सचिव इथे लिहून बसतो: ‘निर्णय ३: एचसी-एसआर०४ वापरायचा नाही. कारण: ५८ फुटांवरून ४५ फुटांखालचे पाणी मोजता येत नाही. नाकारलेला पर्याय: ५० फुटांवर बसवणे, महापुरात बुडेल. त्याऐवजी पाण्यात सोडायचा दाब-सेन्सर तपासायचा.’ चार ओळींत गटाचा सगळा विचार उघडा पडला. पुढे मत बदलले तरी या ओळी खोडता येत नाहीत. ‘निर्णय ३ रद्द, त्याजागी निर्णय ७’ असे कारणासकट लिहावे लागते. जाणता सचिव लिहितो: ‘सेन्सरबाबत सविस्तर चर्चा झाली. योग्य तो सेन्सर वापरण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले.’ यात एकही शब्द खोटा नाही. ‘वापरण्यात यावा’ म्हटले की वापरणारा कोण, हा प्रश्नच उरत नाही; मराठी व्याकरणाची ही सोय सरकारी कचेऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, विद्यार्थ्यांनी ती वाया घालवू नये.

कामांच्या तक्त्यात खरी कसोटी लागते. ‘दाब-सेन्सरची चौकशी, जबाबदारी: सर्वजण, मुदत: लवकरात लवकर, स्थिती: चालू आहे’ ही ओळ वर्षभर जशीच्या तशी पुढच्या तक्त्यात उतरवता येते. तिच्याऐवजी ‘उभ्या पाइपात १ मीटर पाणी भरून दर १० सेंटिमीटरला वाचन घेणे’ असे लिहिले, पुढे एकच नाव, एकच तारीख आणि ‘पुरावा: वाचनांचा तक्ता’ असा रकाना घातला, की त्या एकट्याला खरोखरच पाइप शोधत हिंडावे लागते. त्यातही पुराव्याचा रकाना सर्वांत घातक. तो नसेल तर ‘नव्वद टक्के झालंय की’ एवढ्यावर भागते. असेल तर तक्ता दाखवावा लागतो, आणि तो पाहून काम पूर्ण झाल्याची खूण दुसऱ्यानेच करावी, अशी भलती प्रथा पडते.

यावर काहीजण म्हणतील, चार जणांच्या गटाला कागद कशाला, सगळे लक्षात राहते. राहते ना, पण चौघांच्या चार प्रकारे. एकाच्या लक्षात सेन्सर बदलायचा असतो, दुसऱ्याच्या लक्षात तो खाली बसवायचा असतो, आणि गैरहजर राहिलेला तिसरा जुन्याच सेन्सरचा कोड पूर्ण करून आणतो. निरुपद्रवी इतिवृत्तात यातल्या प्रत्येकाला आधार सापडतो. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: तोंडी परीक्षेला एक्सटर्नल विचारतील, ‘हाच सेन्सर का?’ निर्णय ३ लिहिलेला असता तर उत्तर वाचून दाखवता आले असते, हे मान्य करावे लागेल. पण त्या दिवशी सचिवाने तब्येतीचे कारण काढावे. तशी नोंद तक्त्यात नसते.

सगळी इतिवृत्ते सबमिशनच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहिणार असाल, तर पेन बदलत राहा आणि कॅलेंडर जवळ ठेवा. रविवार सगळेच टाळतात. जुलै-ऑगस्टच्या तारखा मात्र जपून टाका: पंचगंगा पात्राबाहेर पडली म्हणून कॉलेज बंद होते, त्या दिवशी तुमची पूरमापन बैठक पूर्ण उपस्थितीत पार पडल्याचे दिसता कामा नये.