विषय: शाळा सोडल्याबद्दल आभार

घरासाठी शाळा सोडलेल्या बहिणीला भावाने लिहिलेले आभारपत्र हा मराठी पत्रव्यवहारातला दुर्मीळ प्रकार आहे. शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत रजेच्या अर्जाचा नमुना असतो, पुस्तके मागवण्याचा असतो, मामाने घड्याळ पाठवले म्हणून त्याचे आभार मानण्याचाही असतो. शाळेबद्दलच्या आभाराचा नमुना मात्र नसतो. त्यामुळे हे पत्र लिहिणारा आपल्या नोकरीतली भाषा घेऊन त्यात उतरतो. येथे विचारात घेतलेले पत्र संगमनेरच्या एका निवृत्त अव्वल कारकुनाने थोरल्या बहिणीला लिहिलेले आहे. त्याच्या पहिल्या खर्ड्याला जावक क्रमांकही होता.

पहिली अडचण मायन्याची. आई-वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ असा जुना संकेत आहे. ज्या बहिणीने भावाची फी भरली, डबा भरला आणि प्रसंगी कानाखालीही दिली, तिला कोणत्या रकान्यात घालायचे? दोन्हींसाठी नुसते ‘ती.’ लिहिले तरी चालत असल्याने प्रश्न निर्णयाविना सुटतो. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला असे सुटलेले प्रश्न विशेष आवडतात.

दुसरी अडचण ‘आभार’ या शब्दाची. मराठी घरात हा शब्द वापरत नाहीत. त्याची जागा कार्यक्रमाच्या शेवटी, मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांच्या आसपास असते. सख्ख्या माणसाचे आभार मानले, तर ‘परकी केलीस का रे?’ असा सवाल येतो. खर्ड्यातले वाक्य होते: ‘आपण सन १९७३ मध्ये शिक्षण सोडून केलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.’ ते बायकोने खोडले. त्याखालचे ‘माहितीस्तव सविनय सादर’ पुतणीने खोडले.

तिसरी अडचण सर्वांत खोल आणि ती क्रियापदाची आहे. १९७२च्या दुष्काळात विहीर आटली, वडील खडी फोडायच्या कामावर गेले, आणि आठवीतली ताई पुढच्या जूनमध्ये शाळेत गेली नाही. घरात याचे वर्णन ‘तिची शाळा सुटली’ असे होत आले. रोज संध्याकाळी घंटा वाजल्यावर सुटते, तशीच. ती कोणी सोडवली नाही, तिने सोडली असेही नाही, सुटली. आभार मानायचे तर मात्र कर्ता लागतो. ‘तू शाळा सोडलीस’ लिहावे तर तिला कोणी विचारले होते? ‘तुला सोडावी लागली’ लिहावे तर कोणामुळे, हे पुढच्या ओळीत आले पाहिजे. आणि त्या घरात चौथीतला मुलगा एकच होता. भाऊ या वाक्यावर तीन दिवस अडला होता. शेवटी त्याने वाक्य बाजूला ठेवले आणि कंपासपेटीबद्दल लिहिले. ताईची पत्र्याची कंपासपेटी त्याला मिळाली तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला कर्कटकाने तिचे नाव कोरलेले होते. त्याने त्यावर आपले नाव कोरले. पण ताईने खोल कोरले होते, त्यामुळे दहावीपर्यंत दोन्ही वाचता येत होती.

यानंतर पत्र हिशेबाकडे वळते. ताई विड्या वळायला बसली होती. आदल्या दिवशी पाला भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायचा. सकाळी पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचे. मग मांडीवर सूप घेऊन पानात चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि तोंड दुमडून बंद करायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. पाला सुकला तर वळताना फाटतो, म्हणून पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात बोलणी जास्त बसतात. तंबाखूचा वास हाताला इतका मुरतो की ताईने कालवलेला दहीभात भाऊ नाक धरून खाई. हे वाक्य त्याने पत्रात लिहिले, खोडले आणि पुन्हा लिहिले.

भावाचा हिशेब असा: दिवसाला आठशे विड्या, वर्षाला तीनशे दिवस, १९७३पासून त्याला १९८४ला नोकरी लागेपर्यंत अकरा वर्षे. एकूण २६ लाख ४० हजार विड्या. नोकरी लागल्यावरच पंचविसाव्या वर्षी तिचे लग्न झाले, तेव्हाच्या मानाने बरेच उशिरा. एक विडी सुमारे सात सेंटिमीटर धरली, तर टोकाला टोक लावून १८५ किलोमीटर होतात. म्हणजे संगमनेरहून निघून पुणे गाठायचे आणि परत फिरून राजगुरुनगरपर्यंत यायचे. यातली एकही विडी भावाने ओढलेली नाही, असे त्याने स्वतंत्र परिच्छेदात नमूद केले आहे. हा परिच्छेद कोणी मागितला नव्हता.

पत्र पोहोचल्यावर काय होते, हाही विषयाचाच भाग आहे. भावाकडून बहिणीला जाणारा जाड लिफाफा आपल्याकडे आभाराचा समजला जात नाही, हक्कसोडपत्राचा समजला जातो. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर वारस म्हणून मुलींची नावे लागतात. २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हिस्सा दिला, आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले. तेव्हापासून कित्येक भावांना बहिणीच्या त्यागाची अचानक आठवण होऊ लागली. दोन्ही पत्रांतला फरक ओळखणे सोपे आहे. गट नंबर, ‘स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय’ हे शब्द, आणि ‘येताना आधारची झेरॉक्स व दोन फोटो आण’ ही सूचना, यांपैकी काहीही आढळल्यास ते आभारपत्र नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले हक्कसोडपत्र सहजासहजी मागे फिरत नाही, ही गोष्ट बहिणीला बहुधा नंतर कळते. प्रस्तुत पत्र ताईच्या जावयाने दोनदा वाचले. गट नंबर सापडेना, तेव्हा त्याने मागची बाजूही पाहिली.

ताईने ते स्वतः, चष्मा पुसून, एकदाच वाचले. आठवीपर्यंत तिचे शुद्धलेखन वर्गात पहिले होते. ‘कृतज्ञता’तला ‘ज्ञ’ बरोबर आहे, पण ‘ऋणी’ऐवजी ‘रुणी’ पडले आहे, हे तिने लाल पेनाने दाखवून ठेवले. मग भावाला फोन केला. रक्तदाबाची गोळी घेतोस का, सून कशी आहे, गवारीचा भाव काय, अशी वीस मिनिटे झाली. पत्राचा विषय कोणी काढला नाही. फोन ठेवता ठेवता तिने विचारले, “अन् छाटीच्या धरल्यास का रे?”

कारखान्यात माल तपासताना खराब म्हणून बाजूला काढतात त्या विड्यांना छाट म्हणतात. त्यांचे पैसे मिळत नाहीत, पण वळाव्या तर लागतातच. शंभराला पाच तरी जायच्या, असे ताईचे म्हणणे. भावाने पैसे मिळालेल्या तेवढ्याच धरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पोस्टातून निळे अंतर्देशीय पत्र आणले आणि त्यावर शुद्धिपत्र पाठवले. त्यात दोनच नोंदी आहेत. ‘रुणी’ऐवजी ‘ऋणी’ असे वाचावे. आणि ‘राजगुरुनगरपर्यंत’ऐवजी ‘राजगुरुनगरच्या पुढे पावणेदहा किलोमीटर’ असे वाचावे.