आधी शह, मग मारामारी

‘दोन चालींत मात’ हे शब्द दिसले की माझी मान आपोआप ताठ होते. समोरचा चहा गार होतो. बायको भाजीची पिशवी पुढे करते आणि मी बोट वर करून तिला थांबवतो, जणू काळ्या राजाचा जीव माझ्याच हातात आहे. प्रत्यक्षात पेपरातलं कात्रण हातात असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी वधूवर मेळाव्याची जाहिरात असते.

माझी पद्धत पक्की आहे आणि मी ती न विचारता सगळ्यांना सांगतो: आधी शह, मग मारामारी, मग धमकी. शह आधी का? कारण शह दिल्यावर समोरच्याच्या हातात तीनच गोष्टी उरतात. राजानं पळायचं, मध्ये कुणाला तरी उभं करायचं, नाही तर शह देणाऱ्यालाच मारायचं. ती उत्तरं बोटांवर मोजता येतात. मारामारीत ती थोडी वाढतात. आणि साधी, शांत चाल केली की समोरचा पटभर काहीही करू शकतो, मग मोजत बसा. म्हणून आधी पटावरचे सगळे शह शोधायचे, अगदी वेडगळ वाटणारेसुद्धा. वजीर फुकट जातोय म्हणून शह सोडून द्यायचा नाही, कारण खरं घबाड बहुधा तिथंच असतं.

उदाहरण माझं लाडकं आहे. काळा राजा एच-८ च्या कोपऱ्यात, शेजारी एफ-८ वर त्याचा हत्ती, जी-७ आणि एच-७ वर त्याचीच दोन प्यादी. आपला घोडा एच-६ वर, आणि लांब सी-४ वर आपला वजीर, तिरकी वाट मोकळी. नवखा माणूस घोडा वाचवायला धावतो. आपण जी-८ वर वजीर ठेवायचा, शह! राजाला वजीर मारता येत नाही, कारण घोड्याचा पहारा आहे. मध्ये घालायला जागाच नाही. उत्तर एकच उरतं, हत्तीनं वजीर मारायचा. आता राजाच्या तिन्ही बाजूंना त्याचीच माणसं, आणि घोडा एफ-७ वर उडी घेतो. मात. स्वतःच्या कुटुंबात गुदमरून मेलेला राजा. ही युक्ती लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात आहे, पण मी ती अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, मी काल रात्रीच जेवणानंतर काढली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची नांदेडहून आली. इयत्ता चौथी. पहिल्याच दिवशी मी तिला ही पद्धत शिकवली. उदगीरकर असल्यामुळे सोबत १७६० चं इथलं भाऊसाहेब पेशव्यांचं निजामावरचं यशही सांगितलं, कारण आमच्या गावात कुठलाही विषय किल्ल्याच्या तटाला टेकल्याशिवाय संपत नाही. पुढच्याच वर्षीच्या पानिपताचं ओघात सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पट मांडला आणि म्हणाली, “मामा, दोन चालींत मात. पांढऱ्याची चाल.”

मोजून सात मोहरे. आपला राजा सी-८ वर, हत्ती ए-१ वर, प्यादं बी-६ वर. काळा राजा ए-८ वर, त्याचा उंट बी-८ वर, प्यादी ए-७ आणि बी-७ वर. हे कोडं पॉल मॉर्फीच्या नावावर सांगतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की हे पाच सेकंदांचं काम आहे.

शह एकच होता, हत्तीनं ए-७ चं प्यादं मारायचं. मारलं. तिनं उंटानं हत्ती मारला. मी प्याद्यानं उंट मारला. तिनं राजानं प्यादं मारलं आणि विचारलं, “आता?” आता माझ्याकडे फक्त राजा होता. मारामारी आणखी एक होती, बी-६ च्या प्याद्यानं ए-७ मारण्याची. तीही संपली. चाळीस मिनिटं मी त्याच दोन चाली पुन्हा पुन्हा करत होतो, नळाला पाणी येईल म्हणून तोटी फिरवत राहावं तशा.

इथं मला प्यादेमातीबद्दल थोडं बोलू द्या. आमचे आजोबा ओसरीवर जुन्या रिवाजानं खेळायचे, आणि त्या रिवाजात सगळी मात सारखी नसते. वजिरानं दिलेली मात साधी. प्याद्यानं दिलेली मात म्हणजे प्यादेमात, हरणाऱ्याची नाचक्की आणि जिंकणाऱ्याच्या मिशीला पीळ. अशा मांडलेल्या डावांचा नादही आपल्याकडे जुना. १८१४ मध्ये मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं, त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या संस्कृत ‘विलासमणिमंजरी’चं इंग्रजी भाषांतर, आणि त्यातही अशाच बिकट स्थिती मांडून दिल्या आहेत. आजोबांनी ते पाहिलं नव्हतं. ते समोर आयती मात असताना वजीर खाली ठेवायचे आणि एक प्यादं घर-घर पुढं रेटत आणायचे. मी दहा वर्षांचा. मला वाटायचं, म्हातारा चिडवतोय. एकदा मी पट उधळून टाकला. ते काही बोलले नाहीत. अंधारात हातानं चाचपत ओसरीभर विखुरलेले मोहरे गोळा करत राहिले. त्यांना तेव्हा दिसायचं कमी झालं होतं, आणि मी एकही मोहरा उचलून दिला नाही. मराठीतल्या कुठल्याच शब्दानं मला ते भरून देता आलेलं नाही.

असो. भाची म्हणाली, “मामा, तुम्ही तुमच्याच चाली मोजायलात. त्याच्या मोजा की.”

मोजल्या. काळ्या राजाला घरच नाही. बी-७ चं प्यादं आपल्या प्याद्यानं अडलेलं. ए-७ चं प्यादं तिरकं मारू शकत नाही, कारण मागं राजा आहे आणि समोर आपला हत्ती. ते फक्त सरळ पुढं जाऊ शकतं. नाही तर उंट हलेल. म्हणजे काळा हलायलाच राजी नाही, आणि हलला तर घर उघडं पडतं! मग कशाला शह? तिनं हत्ती ए-६ वर ठेवला, प्याद्याच्या नाकासमोर. ना शह, ना मारामारी. ए-७ चं प्यादं जागीच रुतलं. उंट हलला, तर हत्ती ए-७ मारून मात, कारण त्याला बी-६ च्या प्याद्याचा आधार. उंट हलवायचा नसेल, तर बी-७ च्या प्याद्यानं हत्ती मारायचा, दुसरं काही नाही. तिनं तेच केलं, आणि आपलं प्यादं एक घर पुढं सरकवलं. बी-७. मात.

माझ्या पद्धतीची मेख मला तेव्हा कळली. खऱ्या डावातून उचललेल्या कोड्यात शह आणि मारामारी बहुधा कामाला येतात, तिथं समोरचाही आपल्याला मारायला टपलेला असतो. पण कुणी बसून रचलेल्या कोड्यात पहिलीच चाल शहाची असणं रचणाऱ्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणून पटावर मोहरे मोजके आणि काळ्याला हलायला जागा नसेल, तर आधी त्याच्या चाली मोजाव्यात.

“प्यादेमात,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

सांगितलं. आजोबांचंही सांगितलं, पट उधळल्याचं वगळून. मग थोड्या वेळानं तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मोहरे पुन्हा जागच्या जागी मांडले आणि म्हणाली, “या वेळेस प्यादं तुम्ही सरकवा. पण आधी हत्ती ठेवा, नाही तर शह द्याल परत.”