केस स्टडीत आकड्यांपासून बचाव कसा करावा : नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

मॅनेजमेंटच्या पेपरात केस स्टडी आली की सातारा, कराड, सांगलीकडचा होतकरू विद्यार्थी आधी पुरवणी मागून घेतो आणि मग प्रश्न वाचतो. हा क्रम योग्यच आहे. ही मार्गदर्शिका त्याच परंपरेतली असून केसमध्ये दिलेल्या आकड्यांना हात न लावता भरघोस शिफारस कशी करावी, हे इथे शिकवलं आहे. जिथे चुकून आकडे समजण्याचा धोका आहे, तिथे ‘सावधान’ असा इशारा दिला आहे.

सरावासाठी कल्पित प्रश्न : तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदारांचा एक गट वर्षाला 60 टन बेदाणा तयार करतो. एप्रिलमध्ये सौद्यात किलोला 150 रुपये भाव मिळतो. माल कोल्ड स्टोरेजला ठेवून दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरात विकता येतो. त्याचं भाडं किलोमागे महिन्याला 1 रुपया. गेल्या पाच वर्षांत ऑक्टोबरचा भाव त्या त्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा किलोमागे 8, 24, 11, 21 आणि 6 रुपयांनी चढा राहिला. 40 टन मालाच्या मालकांवर 12 टक्के व्याजाचं कर्ज आहे आणि माल विकला की ते फिटतं. उरलेल्या 20 टनांच्या मालकांवर कर्ज नाही. ते पैसे 6 टक्क्यांच्या ठेवीत ठेवतात. गटाने स्वतःचं 400 टनांचं कोल्ड स्टोरेज बांधलं, तर हप्ता, वीज, पगार धरून वर्षाला 18 लाख खर्च येईल. एका सभासदाच्या मुलाने 200 किलो बेदाणा पाकिटं करून पुण्यात 240 रुपये किलोने विकला. गटाने काय करावं?

पायरी 1 : आधी लगीन शिफारशीचं. प्रश्न पूर्ण वाचण्याआधीच ‘गटाने स्वतःचं कोल्ड स्टोरेज उभारावं’ असं ठरवून टाका. बांधकाम असलेली शिफारस नेहमी भारदस्त दिसते.

*सावधान :* कोल्ड स्टोरेज झालं तर वाचणार काय, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. वाचणार ते भाडं. सगळा माल सहा महिने ठेवला तरी 60 हजार किलोला 6 रुपयांप्रमाणे 3 लाख 60 हजार वाचतात आणि खर्च आहे 18 लाख. हा खर्च भागायला 300 टन माल लागेल. ‘बाकीचे 240 टन आसपासचे शेतकरी आणतील’ हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण त्या शेतकऱ्यांचा केसमध्ये कुठे पत्ताच नाही.

पायरी 2 : थोरांचा दाखला द्या. सांगली जिल्ह्यातला पेपर असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्कर हाताशीच आहेत. लोखंडी नांगराने जमीन बिघडते असं शेतकरी म्हणत होते, तरी ते डगमगले नाहीत, आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. ‘तद्वत या गटानेही धाडस करावं’ असं लिहून परिच्छेद संपवा.

*सावधान :* तपासनीस विचारेल की किर्लोस्करवाडीच्या इतिहासाने 60 टनांचे 300 टन कसे झाले. दाखला खरा आहे, पण त्यातून धाडस म्हणजे काय एवढंच कळतं. या गटाचा हिशेब त्यातून सुटत नाही.

पायरी 3 : ठळक आकडा पकडा, बाकीचे सोडा. 240 रुपये! एप्रिलच्या भावापेक्षा किलोमागे तब्बल 90 रुपये जास्त. 90 गुणिले 60 हजार, म्हणजे 54 लाखांचा फायदा. इथेच ‘ब्रँडिंग’ आणि ‘ऑनलाइन विक्री’ हे शब्द अधोरेखित करा.

*सावधान :* 200 किलो म्हणजे गटाच्या मालाचा तीनशेवा भाग. पाकिटं, वाहतूक, परत आलेला माल यांवर किती खर्च झाला, हे केसमध्ये नाही. ओळखीपाळखीत 200 किलो खपला म्हणून 60 टन खपेल, असंही कुठे म्हटलेलं नाही. या माहितीवर फार तर एवढंच सुचवता येतं की पुढच्या हंगामात थोडा जास्त माल पाकिटांतून विकून पाहावा आणि या वेळी खर्चाची नोंद ठेवावी.

पायरी 4 : सरासरी काढा आणि थांबा. पाच वर्षांच्या वाढीव भावाची सरासरी 14 रुपये येते. भाडं 6 रुपये. म्हणजे किलोमागे 8 रुपये नफा, सगळ्यांनी दिवाळीपर्यंत थांबावं. उत्तर संपलं, पेन ठेवा.

*सावधान :* ही पायरी सगळ्यांत घातक आहे, कारण इथे आकडे वापरल्यासारखं वाटतं. राहून गेलं आहे ते व्याज. कर्जदार सभासदाने माल थांबवला तर 150 रुपयांवर सहा महिन्यांचं व्याज 9 रुपये चढतं. भाड्यासह खर्च 15 रुपये, मिळणार सरासरी 14. किलोमागे रुपया खिशातून जातो, 40 टनांवर 40 हजार. पाचपैकी तीन वर्षं त्याला तोटाच झाला असता.

कर्ज नसलेल्याचा हिशेब वेगळा आहे. त्याचं ठेवीवरचं व्याज बुडतं ते साडेचार रुपये, म्हणजे एकूण खर्च साडेदहा. सरासरीने त्याला साडेतीन रुपये सुटतात. पण 24 आणि 21 ही दोन वर्षं सोडली, तर 11 च्या वर्षी जेमतेम 50 पैसे सुटतात आणि 8 व 6 च्या वर्षी पदरचे जातात. एकाच गटातल्या दोघांना वेगवेगळा सल्ला द्यावा लागतो, हे कळलं की ही मार्गदर्शिका वाया गेली म्हणून समजा.

पायरी 5 : शेवटी सगळंच सुचवा. साठवण करावी, विक्रीही करावी, कोल्ड स्टोरेज बांधावं, ब्रँडही काढावा, सरकारने अनुदान द्यावं. काहीतरी बरोबर येईलच.

*सावधान :* ज्याला या वाटेने जायचं नाही, तो पुढच्या चार ओळी लिहून मोकळा होतो. ‘कर्जदार सभासदांनी 40 टन माल एप्रिलमध्ये विकून कर्ज फेडावं. कर्ज नसलेल्यांनी हवं तर ऑक्टोबरपर्यंत थांबावं. मात्र पाचपैकी दोन वर्षं तोटा झाला असता, हे धरून चालावं. स्वतःचं कोल्ड स्टोरेज बांधू नये; 300 टन माल येईल याची लेखी हमी मिळाली तरच पुन्हा विचार करावा. पाकिटांचा प्रयोग लहान ठेवून खर्च लिहावा.’

पेपर देण्याआधी एकच तपासणी करा. उत्तरातलं ‘बेदाणा’ खोडून तिथे ‘कंदी पेढे’ घाला आणि ‘तासगाव’च्या जागी ‘सातारा’ लिहा. उत्तर तरीही तितकंच शोभत असेल, तर ते केसमधून आलेलं नाही. अशा उत्तराला पुरवणी कितीही जोडा, मार्क मिळत नाहीत.