पर्यायमामा

सोलापुरात जिथे जिथे अभ्यासिका आहे, तिथे तिथे तिच्या बाहेर चहाची टपरी आहे, आणि जिथे टपरी आहे तिथे एक मामा आहेत. मामा कधीकाळी सरकारी कचेरीत कारकून होते. आता निवृत्त आहेत आणि पोरांचे पेपर सोडवतात. पोलीस भरती असो, तलाठी भरती असो की एमपीएससी, पेपर सुटला की पोरं प्रश्न घेऊन आधी मामांकडे येतात, घरी नंतर जातात. मामा गणिताकडे बघत नाहीत. चालू घडामोडी तर त्यांच्या मते 'उद्या शिळ्या होणाऱ्या'. त्यांचा जीव अडकलेला असतो तो म्हणी आणि वाक्प्रचारांच्या चार-दोन प्रश्नांत. शर्टाच्या खिशातून लाल रिफिलचं पेन निघतं, चष्मा कपाळावरून नाकावर येतो, आणि मग ते ठेवणीतलं वाक्य येतं: "उत्तर शोधू नको बे. आधी कोण नाही ते बघ. राहील ते उत्तर."

हे वाक्य ते भाजीच्या गाड्यावरही म्हणतात. भाचीला चार स्थळं आली तेव्हाही म्हणाले होते. तिथे चारही पर्याय उडाले आणि बहीण सहा महिने बोलली नाही, पण ते असो.

मामांचा सिद्धांत असा, की पेपर काढणाराही माणूसच आहे आणि त्यालाही संध्याकाळी घरी जायचं असतं. वाक्प्रचाराचा खरा अर्थ त्याच्याकडे तयार असतो, पण चुकीचे तीन अर्थ त्याला बसून रचावे लागतात, आणि ते तो नेहमी त्याच तीन जागांवरून उचलतो. या पर्यायांना मामांनी नावं ठेवली आहेत. पहिला 'भोळा': वाक्प्रचारातला एखादा शब्द जसाच्या तसा धरून केलेला अर्थ. दुसरा 'उलटा': खऱ्या अर्थाच्या बरोबर विरुद्ध. तिसरा 'शेजारी': दुसऱ्याच एखाद्या, कानाला जवळच्या वाक्प्रचाराचा अर्थ इथे आणून ठेवलेला. चौथा 'खरा'. मामा म्हणतात, "भोळ्याला ओळखायला डोळे लागतात, उलट्याला अक्कल, आणि शेजाऱ्याला पाठांतर."

'हातावर तुरी देणे' घ्या. आमच्या जिल्ह्यात तुरीला काय तोटा! त्यामुळे गावाकडून आलेला पोरगा 'दान करणे' या पर्यायावर झडप घालतो. तो भोळा. 'तावडीत सापडणे' हा उलटा. 'मदत करणे' हा शेजारी, कारण तो 'हात देणे' या वाक्प्रचाराच्या घरातून आलाय. राहिला 'फसवून निसटणे'. मामा पेनाच्या टोकाने तिघांवर काट मारतात आणि चौथ्याभोवती गोल काढतात. तो गोल इतका सावकाश पुरा होतो, की तोवर चहावर साय धरते.

मामांचं खरं रूप बघायचं असेल तर त्यांना 'वाटाण्याच्या अक्षता लावणे' द्यावं. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज पेलत निघतात, संमती कट्ट्यावर योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि अख्खं गाव अक्षता टाकतं. तेव्हा सोलापूरच्या पोराला अक्षता म्हटलं की लग्नच दिसतं. एका वर्षी टपरीवर नेमका हाच प्रश्न आला. पर्याय होते: लग्न जमवणे, आमंत्रण देणे, फसवणूक करणे, नकार देणे. पोलीस भरतीची तयारी करणारा एक दांडगा गडी म्हणाला, "मामा, सोपंय की. लग्न जमवणे."

मामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "अक्षता कशाच्या असतात बे?"

"तांदळाच्या."

"आणि इथं कशाच्या?"

"वाटाण्याच्या."

"मग जिथं तांदूळ पाहिजे तिथं वाटाणा आला, तर काम जमलं का बिघडलं?"

पोरगा गप्प. मामा म्हणाले, "कपाळी लावलेला तांदळाचा दाणा चिकटतो. वाटाणा घरंगळतो. म्हणजे अर्थ चांगला नाही, एवढं तरी शब्दच सांगायलेत की नाही? मग लग्न कट, आमंत्रण कट." शब्दशः अर्थाकडून मामा एवढंच मागतात: वारा कुठल्या बाजूचा आहे ते सांग, चांगल्या की वाईट. याहून जास्त मागितलं की तो खोटं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आता उरले दोन, फसवणूक आणि नकार. दोन्ही वाईटच, म्हणजे रंग बघून भागत नाही. इथे बहुतेक पोरं नाणं उडवतात. मामा नाणं उडवत नाहीत, ते वाक्य करतात. "साहेबांनी माझ्या रजेच्या अर्जाला वाटाण्याच्या अक्षता लावल्या." हे वाक्य म्हणताना त्यांच्या आवाजात जी कळ येते, तिच्यामागे अख्खी नोकरी उभी असते. मग ते 'अर्जाला' या शब्दाखाली दोन रेघा मारतात. "अर्जाला नकार देता येतो. अर्जाची फसवणूक करता येते का? फसतो तो माणूस. फसवणूक हा शेजारी आहे, तो 'तोंडाला पाने पुसणे'कडून आलाय." दांडग्या गड्याने मान डोलावली आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

हा 'ला', 'ची' आणि क्रियापद बघण्याचा छंद मामांना फार. त्यांच्या मते वाक्प्रचारात नाम फसवतं आणि क्रियापद खरं बोलतं. एकटा हात घ्या. हात देणे म्हणजे मदत करणे, हात टेकणे म्हणजे हतबल होणे, हात मारणे म्हणजे ताव मारणे किंवा चोरणे, हात ओले होणे म्हणजे प्राप्ती होणे. हात तोच, पण क्रियापद बदललं की माणूस परोपकारी होतो, हताश होतो, नाहीतर खादाड. डोळ्याचंही तेच. डोळा लागला तर झोप, डोळा ठेवला तर पाळत. म्हणून 'हात म्हणजे मदत' असं पाठ करून आलेल्या मुलाला मामा अभ्यासिकेत परत पाठवतात.

पूर्व भागातली एक मुलगी यायची, तलाठी भरतीची तयारी करणारी. घरी तेलुगू बोलणं, वडील यंत्रमागावर. तिला वाटायचं, आपल्या घरी मराठी आजी नाही, त्यामुळे आपण या प्रश्नांत मागे पडणार. मामांनी उलटं गणित मांडलं. घरी मराठी बोलणाऱ्या पोराने वाक्प्रचार कधीतरी ऐकलेला असतो, म्हणून तो न वाचताच उत्तर देतो. ही मात्र प्रत्येक शब्द उलटून पालटून बघायची. 'तोंडाला पाने पुसणे'वर तिने विचारलं होतं, "मामा, पान जेवायला मांडतात ना? मग तोंडाला पुसलं तर जेवण कुठंय?" मामांनी त्या दिवशी टपरीवाल्याला दोन चहा जास्त सांगितले. एक तिच्यासाठी, एक आनंदाने स्वतःसाठी.

पण या पद्धतीच्या मर्यादाही मामांना ठाऊक आहेत, आणि त्या ते नाइलाजाने, आवाज खाली आणून सांगतात. एक म्हणजे भोळा दर वेळी खोटा नसतो. 'हात हलवत परत येणे' याचा अर्थ 'काम न होता रिकाम्या हाताने येणे' असाच आहे. एका हुशार पोराने 'रिकाम्या हाताने' हे शब्द बघितले, भोळा म्हणून तो पर्याय उडवला आणि हात हलवत परत आला. तेव्हापासून मामांनी नियमाला शेपूट जोडलंय: "भोळ्यावर संशय घ्यायचा, फाशी द्यायची नाही. वाक्यात घालून बघायचं, मग निकाल."

दुसरी मर्यादा म्हणजे 'पाचावर धारण बसणे'. इथे शब्दांना कितीही पिळलं तरी भीती निघत नाही. धारण म्हणजे बाजारभाव, हे आता ठाऊक कोणाला? पोरांना धरण दिसतं, उजनीचं. पर्यायांत 'भाव ठरणे' आणि 'पंचांनी निवाडा करणे' असले भोळे दिले तर त्यांना कसंबसं हाकलता येतं. पण 'अतिशय घाबरणे' आणि 'नुकसान होणे' हे दोन उरले की वाक्यही मदत करत नाही. "वाघ पाहून त्याची पाचावर धारण बसली" हे वाक्य करायलाच आधी अर्थ माहीत असावा लागतो. असे वाक्प्रचार मामांनी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहून ठेवलेत. पानाला मथळा: 'डोकं चालवू नका, पाठ करा'. तिथे ते मुकाट्याने वाळंब्यांच्या व्याकरणाचं पुस्तक पुढे सरकवतात.

अशा अडलेल्या प्रश्नाचं करायचं काय, यावर त्यांचा हिशेब पक्का आहे. 2023 च्या तलाठी भरतीसारखी चुकीला गुण न कापणारी परीक्षा असेल, तर प्रश्न कोरा सोडणं म्हणजे निव्वळ आळस. चुकीला पाव गुण कापणारी असेल, तर मामा लाल पेनाने तळहातावर मांडतात: डोळे मिटून चार प्रश्न मारले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक, पदरात पाव गुण. प्रत्येकातले दोन पर्याय आधी उडवले असतील तर दोन बरोबर, दोन चूक, पदरात दीड गुण. "म्हणजे कळलं का बे? गुण उत्तराचे नाहीत, काटांचे आहेत." पण उडवलेले दोन खरंच चुकीचे पाहिजेत, ही अट ते हात धुता धुता सांगतात, आणि तोवर निम्मी पोरं पांगलेली असतात.

मामांचं एकच दुखणं आहे. समोर पर्याय नसले की त्यांचं काही चालत नाही. वर्तमानपत्रात नुसता वाक्प्रचार आला आणि अर्थासाठी जागा कोरी सोडलेली असली, तर ते पान उलटतात. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं, तर म्हणतात, "चार नावं घ्या की, मी सांगतो." एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आतून मामींनी विचारलं, "अहो, रात्रीला काय करू?"

"पर्याय सांग."

"पिठलं."

"हा एकच झाला. बाकीचे?"

"बाकीचे तुम्ही दुपारी संपवले."

मामांनी क्षणभर विचार केला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ बे, तीन आपोआप उडाले. पिठलं बरोबर."